एका ऑर्डरचे पैसे तीन-चार टप्प्यात येतात, प्रत्येक कागदावर बाकी वेगळीच दिसायली आहे

बावड्याची_प्राजक्ता
नमस्कार मंडळी. आमचं फर्निचरचं वर्कशॉप आहे, मिस्टर आणि दीर काम बघतात आणि हिशोब माझ्याकडे. एक्सेलवरच करते सगळं. आता एका गिऱ्हाईकाशी वाजलंय आणि चूक कुणाची तेच कळेना म्हणून इथं लिहायलोय.

ऑर्डर नं. ११२, फुलेवाडीतला बंगला, कपाटं आणि किचन ट्रॉली. काम ठरलं १,८०,००० ला, जीएसटी वेगळा. ४ ऑगस्टला ५०,००० ॲडव्हान्स आला, मी शीटमधून पावती ३०१ काढून दिली. २५ ऑगस्टला ६०,००० चा चेक आला, तेव्हा मी गावाला होते, मिस्टरांनी नुसतं व्हॉट्सॲपवर 'मिळाले' टाकलं आणि आंगठा. मग गणपतीत काम थांबलं, त्यानंतर १० सप्टेंबरला त्यांनी वरती लॉफ्ट वाढवून घेतला, त्याचे १२,००० अधिक टॅक्स. १८ तारखेला ४०,००० रोख आले. आता माल पोचवायचा आहे, मोठं बिल अजून काढलेलं नाही.

माझ्या शीटप्रमाणे बाकी ७६,५६०. त्यांचं म्हणणं बाकी फक्त ३०,०००. आणि त्यांनी पावती दाखवली, माझीच, ३०१, त्यावर 'बाकी १,३०,०००' असं स्वच्छ छापलंय. त्यातनं ६० आणि ४० वजा केले की ३० राहतात, बरोबरच आहे की त्यांचं. मी घाबरून तीच पावती परत प्रिंट मारली तर आता त्यावर बाकी ७६,५६० आली!! एकाच नंबरच्या दोन पावत्या, एकच तारीख, एकच जमा, आणि बाकी वेगवेगळी. ते म्हणाले तुम्ही कागद बदलताय. लाज वाटली हो मला.

शीटमध्ये ऑर्डरचा एक कॉलम, जमाचा एक कॉलम, बाकीचा एक कॉलम, एवढंच आहे. काय चुकतंय?

रंकाळ्याचा_पक्या
ताई हप्त्यावर द्यायचंच असेल तर सरळ फायनान्सवाल्याला गाठा की, तुम्हाला रक्कम एकदम मिळती, ईएमआय तो वसूल करतो. माझ्या चुलतभावानं फ्रीज तसाच घेतला.

बावड्याची_प्राजक्ता
अहो पक्या भाऊ, गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार आहे, किती द्यायचे यावरनं भांडण आहे. फ्रीज नाही, हिशोब बिघडलाय 😀

टॅलीवाला_सम्या
एक्सेल सोडा. टॅली घ्या. बिलावर पार्टीचा लेजर बॅलन्स छापायची सोय आहे, मागची बाकी, आताची बाकी सगळं आपोआप येतंय. आम्ही तेच करतो, काही कटकट नाही.

शिरोली_फॅब
सम्या भावा, आम्ही पण तेच करत होतो आणि तिथंच गंडलो. आमचं काम गुऱ्हाळाच्या काहिली आणि चुलवाणाच्या जाळ्या. एका गुऱ्हाळवाल्याची एकाच वेळी दोन कामं असतात, एक नवी काहील आणि एक जुन्याचं रिपेअर. तो गूळ विकला की मार्केट यार्डातनं फोन करतो, 'एक लाख टाकलेत बघा', कशाचे ते सांगत नाही. आम्ही ते पार्टीच्या नावावर जमा करायचो. मग रिपेअरच्या बिलावर छापून यायचं बाकी अडीच लाख, आणि तो म्हणायचा अहो रिपेअरचे पैसे तर मी देऊन बसलोय. लेजरची बाकी ही माणसाची बाकी झाली, कामाची नव्हे.

टॅलीवाला_सम्या
एक पार्टी एक काम असेल तर चालतंय की मग.

शिरोली_फॅब
तेवढंच चालतंय. प्राजक्ताताईंचं तसंच आहे म्हणा. पण उद्या त्याच बंगल्यात वरच्या मजल्याचं काम निघालं तर?

जुना_मुनीम
प्राजक्ता ताई, मी लक्ष्मीपुरीत तीस वर्षं दुकानाच्या वह्या लिहिल्या, आता घरी बसून दोन-तीन जणांचं बघतो. तुमचं दुखणं मला कळलं असं वाटतं पण एक विचारतो. ४ ऑगस्टला पावती काढली तेव्हा शीटमध्ये ऑर्डरची रक्कम किती घातलेली होती, आणि आज तिथं किती आहे?

बावड्याची_प्राजक्ता
तेव्हा १,८०,०००. आज २,२६,५६०. लॉफ्ट वाढला तेव्हा मी टॅक्स आणि लॉफ्ट धरून तोच आकडा बदलला.

जुना_मुनीम
मग झालं. दोन वेगळ्या चुका एकाच खान्यात घडल्यात, म्हणून गुंता दिसतोय. एकेक सोडवू.

पहिली चूक ४ ऑगस्टलाच झाली. तुम्ही टॅक्स न धरता बाकी काढली. गिऱ्हाईकानं द्यायचे होते १,८०,००० वर १८ टक्के म्हणजे ३२,४०० धरून २,१२,४००. त्यातनं ५०,००० गेले तर बाकी १,६२,४०० छापायला पाहिजे होती. तुम्ही छापली १,३०,०००. कोटेशनवर 'जीएसटी वेगळा' लिहिलेलं असतं खरं, पण माणूस कोटेशन वाचत नाही, पावतीवरचा बाकीचा आकडा वाचतो. ज्या कागदावर बाकी छापायची तिथं द्यायची पूर्ण रक्कम टॅक्ससकट घ्यायची, नाहीतर बाकी छापूच नये.

दुसरी चूक आकडा खोडून नवा घातला ही. जुन्या वहीत शाईनं लिहिलेलं खोडता येत नव्हतं म्हणून आपोआप शिस्त राहायची, वाढीव काम आलं तर खाली नवी ओळ यायची. एक्सेलमध्ये खोडायला काही लागत नाही. तुम्ही २,२६,५६० केलंत आणि ४ ऑगस्टच्या पावतीला सुद्धा आजची रक्कम आणि आजपर्यंतची सगळी जमा लागू झाली. पावतीवरची बाकी म्हणजे 'त्या पावतीच्या क्षणाची' बाकी. ती पुढं कधी बदलता कामा नये, दहा वर्षांनी प्रिंट काढली तरी.

तुमच्या दोघांत फरक किती? ७६,५६० वजा ३०,००० म्हणजे ४६,५६०. टॅक्सचे ३२,४०० आणि लॉफ्टचे टॅक्ससकट १४,१६० मिळवून बघा. बरोबर तेवढेच येतात. म्हणजे एकही पैसा हरवलेला नाही, फक्त ते दोन आकडे त्यांना कधी कागदावर दिसलेच नाहीत.

बावड्याची_प्राजक्ता
अगदी बरोबर जुळलं!! रात्रभर मी जमा रकमा तपासत बसले होते आणि घोळ जमेत नव्हताच.

सुतारमेट
आमच्याकडे साधं आहे. ॲडव्हान्स आधीच वजा करायचा आणि राहिलेल्या रकमेवर जीएसटी लावायचा. म्हणजे १,८०,००० मधनं ५०,००० गेले, १,३०,००० वर १८ टक्के २३,४००, बिल १,५३,४००. गिऱ्हाईक पण खूश.

जुना_मुनीम
मेट, गिऱ्हाईक खूश होणारच की, त्याचे ९,००० वाचले. २,१२,४०० मधनं ५०,००० गेले तर येणं १,६२,४००, तुम्ही मागितले १,५३,४००. ते ९,००० कुणाचे? त्या ५०,००० वरचा टॅक्स आहे तो. माल १,८०,००० चा गेला, सरकारला ३२,४०० भरायचेत, तुम्ही घेतले २३,४००.

बिलात आधी माल, मग टॅक्स, मग एकूण. त्या एकूणच्या खाली ओळ टाकायची, 'वजा जमा पावती ३०१ दि. ४ ऑगस्ट ५०,०००', पुढची पावती पुढच्या ओळीत, आणि सगळ्यात खाली बाकी. ॲडव्हान्स हा पैसा आहे, मालाची किंमत कमी झालेली नाही.

सुतारमेट
पण पावतीवर आधीच टॅक्स भरला असेल तर? आमच्या ओळखीच्या एकानं ॲडव्हान्सवर भरलेला.

शाहूपुरीची_वकीलबाई
मी टॅक्सचं काम करते म्हणून तेवढंच सांगते. मालाच्या ॲडव्हान्सवर पैसे मिळाले त्या वेळी जीएसटी भरायची गरज नाही, १५ नोव्हेंबर २०१७ चं ६६/२०१७ नंबरचं नोटिफिकेशन आहे, कंपोझिशनवाले सोडून. टॅक्स बिल काढताना लागतो. सेवेचं तसं नाही, तिथं ॲडव्हान्स मिळाला की टॅक्स लागतो आणि रिसीट व्हाउचर काढावं लागतं. त्या वेळी भरला असेल तर बिलावर पूर्ण टॅक्स दाखवून रिटर्नमध्ये आधी भरलेला वळता करायचा. बिलाची रक्कम कापायची नाही, हे मुनीमकाकांचं दोन्हीकडे खरं.

प्राजक्ता, तुमच्या ट्रॉली भिंतीत कायमच्या बसवून देताय की तयार माल नुसता पोचवताय यावर तो माल की वर्क्स काँट्रॅक्ट हे ठरतं, आणि वर्क्स काँट्रॅक्ट सेवेत धरतात. यावर दोन मतं ऐकायला मिळतात. तुमचं कोटेशन तुमच्या सीएला दाखवा, इथं बसून मी छातीठोक सांगणार नाही.

सुतारमेट
आमचा सीए म्हणतो कपाट म्हणजे कपाट, माल.

शाहूपुरीची_वकीलबाई
सुटं उभं कपाट असेल तर मी पण तेच म्हणेन. भिंत फोडून बसवलेलं आणि काढलं तर मोडणारं असेल तर मी थांबून विचार करेन.

हुपरीकर
मी येऊ का मधे 😅 आमच्याकडे पैंजणाच्या ऑर्डरला लोक ॲडव्हान्स म्हणून जुनी चांदीच देतात. त्या दिवशीचा भाव धरून रुपये जमा केले आणि डिलिव्हरीला भाव चढला की म्हणतात आमची चांदी आम्हाला ग्रॅममध्येच वळती करा. आमच्या वडलांनी यावर उपाय काढलाय, पावतीवर दोन बाकी. धातूची बाकी ग्रॅममध्ये, मजुरीची बाकी रुपयात. दोन्ही एकमेकांत मिसळायच्या नाहीत. तुमच्या ट्रॉलीला उपयोग नाही याचा, पण बाकी कशात मोजायची हे आधीच ठरवावं लागतंय एवढं खरं.

बावड्याची_प्राजक्ता
मुनीमकाका, पावतीवरची बाकी न बदलणारी कशी करू? आकडा हातानं टाइप करू का प्रत्येक वेळी?

जुना_मुनीम
हातानं टाइप केला तर एक दिवस चुकाल. माझा भाचा एक्सेलमध्ये पक्का आहे, त्यानं माझ्या एका दुकानदाराला करून दिलं ते सांगतो.

दोन शीट करा. एक `Order`, त्यात ऑर्डर नंबर, तारीख, टॅक्ससकट रक्कम, आणि कशाबद्दल ते. लॉफ्ट वाढला की जुनी ओळ तशीच राहू द्यायची आणि त्याच ११२ नंबरची नवी ओळ १० सप्टेंबरची १४,१६० ची. काम कमी झालं तर वजा रकमेची ओळ. दुसरं शीट `Jama`, त्यात पावती नंबर, ऑर्डर नंबर, तारीख, रक्कम, आणि रोख की चेक की फोनवरनं. बाकीचा कॉलम दोन्हीकडे नाही, बाकी साठवायचीच नाही.

पावती छापायच्या शीटमध्ये समजा B3 ला पावती नंबर, B4 ला ऑर्डर नंबर, B5 ला पावतीची तारीख आहे, तर बाकीच्या खान्यात हे:

```
=SUMIFS(Order!C:C,Order!A:A,B4,Order!B:B,"<="&B5)
 -SUMIFS(Jama!D:D,Jama!B:B,B4,Jama!A:A,"<="&B3)
```

म्हणजे त्या तारखेपर्यंत ठरलेलं काम, वजा त्या पावतीपर्यंतची जमा. ३०१ कधीही काढा, १,६२,४०० येणार. ६०,००० ची पावती तुम्ही काढलीच नाहीत पण समजा ३०९ आहे, ती १,०२,४०० दाखवणार. मग १० तारखेला लॉफ्टची ओळ पडली की येणं १,१६,५६० झालं, आणि १८ तारखेची ३१८ नंबरची पावती ७६,५६० दाखवणार. कुठूनही जोडून बघा, साखळी तुटत नाही.

पावती नंबर नुसते आकडेच ठेवा, पुढं 'पा-' किंवा 'R-' लावलं की लहान-मोठं बिघडतं. आणि नंबर क्रमानं, जुनी राहिलेली पावती नंतर काढली तर आज चालू असलेला नंबर आणि आजचीच तारीख द्या.

शिरोली_फॅब
आम्ही असंच करायला गेलो आणि एक बाकी कमीच होईना. दोन दिवस शोधलं. पोरानं ऑर्डर नंबरच्या पुढं एक स्पेस मारलेली, '८७' आणि '८७ ' वेगळे धरले त्यानं.

जुना_मुनीम
होय, हे होतंच. म्हणून महिन्याला एकदा उलटा ताळा घ्यायचा. सगळ्या ऑर्डरींच्या बाकीची बेरीज एकीकडे, आणि ऑर्डरची एकूण रक्कम वजा एकूण जमा दुसरीकडे. फरक आला म्हणजे एखादी जमा कुठल्याच ऑर्डरला चिकटलेली नाही. फरकाची रक्कमच सांगते कुठली ते.

आणि ताई, चेक परत आला तर जमेची ओळ पुसू नका. नव्या नंबरनं वजा रकमेची ओळ टाका. पुसली तर परत तुमची जुनी पावती बदलली.

टॅलीवाला_सम्या
बरं मग टॅलीत हे होणारच नाही असं नाही हां. पार्टीच्या लेजरला `Maintain balances bill-by-bill` चालू करायचं. ॲडव्हान्स घेताना `Advance` निवडून नाव '११२' द्यायचं. बिल काढताना `Agst Ref` मध्ये तोच ११२ उचलायचा, राहिलेल्याला `New Ref`. मग कामागणिक बाकी दिसते.

जुना_मुनीम
आता बरोबर बोललास सम्या. फक्त घाईत `On Account` निवडू नये. शिरोलीवाल्यांचे ते एक लाख तिथंच जाऊन बसले असणार, पार्टीची बाकी कमी होते पण कुठल्याच कामाची होत नाही.

शिरोली_फॅब
तिथंच होते 🙏 आता फोन आला की आधी विचारतो, काहिलीचे का रिपेअरचे, आणि पावतीवर तेच लिहून त्याला पाठवतो. सांगितलं नाही तर जुनं काम आधी फेडतो.

रंकाळ्याचा_पक्या
कोणाची ऑर्डर साडेतीन लाखाची असेल आणि त्यानं रोखच द्यायची म्हटली तर रोज थोडे थोडे घेतले तर चालतंय ना? दिवसाला दोन लाखाच्या आत?

शाहूपुरीची_वकीलबाई
हे अर्धंच ऐकलेलं आहे. १ एप्रिल २०१७ पासून रोख दोन लाख किंवा त्याहून जास्त घेता येत नाही, २६९ एसटी म्हणून लोक ओळखतात. दिवसाची मर्यादा आहेच, पण एकाच व्यवहाराचीही आहे. एका ऑर्डरचे हप्ते वेगवेगळ्या दिवशी घेतले तरी व्यवहार एकच. आणि दंड घेणाऱ्याला, घेतले तेवढेच. म्हणून तर `Jama` मध्ये रोखीचा वेगळा कॉलम पाहिजे, त्या ऑर्डरची एकूण रोख किती झाली ते पावती काढतानाच दिसतं.

बावड्याची_प्राजक्ता
आणि चलनावर पण बाकी छापायची का? माल टेम्पोनं जातो, ड्रायव्हर आणि हमालांच्या हातात चलन असतं.

सुतारमेट
छापाच. आमच्याकडे माल उतरवायच्या आधीच बाकी वाचून दाखवतात, नंतर कोण देतंय.

हुपरीकर
मला नाही पटत. शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर बाकीचा आकडा मिरवला की माणूस दुखावतो, परत येत नाही.

जुना_मुनीम
मी चलनावर फक्त ऑर्डर नंबर छापायचो आणि बाकी सांगायला आदल्या दिवशी फोन करायचो. पण मेटांना पैसे बुडाल्याचा अनुभव असेल तर त्यांचंही चूक म्हणवत नाही.

बावड्याची_प्राजक्ता
(चार दिवसांनी) मंडळी, काल बसलो त्यांच्याबरोबर. तिन्ही पावत्या नव्यानं काढून नेल्या आणि जुन्या ३०१ वर मीच 'चुकीची, टॅक्स धरला नव्हता' असं लिहून सही करून दिली. टॅक्सचं त्यांनी कोटेशन काढून बघितलं आणि गप मान्य केलं. लॉफ्टवर मात्र अडले, म्हणाले भाव सांगितलाच नव्हता, आणि खरं सांगायचं तर सांगितला नव्हता, दीर नुसतं 'करून टाकतो' म्हणाले होते. शेवटी लॉफ्ट ८,००० अधिक टॅक्स ९,४४० ला तुटलं. मी `Order` मध्ये वजा ४,७२० ची ओळ टाकली कालच्या तारखेची, बाकी ७१,८४० आली. बिल २,२१,८४० चं निघालं, जमा १,५०,००० खाली तीन ओळीत, ताळा जुळला.

त्यांनी ४०,००० लगेच फोनवरनं पाठवले आणि ३१,८४० चा चेक दिलाय पुढच्या महिन्याच्या तारखेचा. हा आज जमा धरू का?

जुना_मुनीम
नको. पावतीवर जमा फक्त ४०,०००, बाकी ३१,८४०. त्याखाली चेकचा नंबर आणि तारीख घालून 'वटल्यावर जमा' एवढं लिहा. वटला की त्याची वेगळी पावती.

बावड्याची_प्राजक्ता
बरं. आणि लॉफ्टसारखं वाढीव काम निघालं तर भाव लिहून घेतल्याशिवाय करवत लावायची नाही असं दीराला सांगितलंय. ऐकतील असं वाटत नाही.